छोटी वाक्यं असूनही स्क्रिप्ट लांब का वाटते : ठिबकच्या एका व्हिडिओच्या निमित्ताने

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातला. केळी बागायतदारांसाठी ठिबकच्या नळ्या कशा धुवायच्या, यावर व्हिडिओ करतोय. माहिती कृषी खात्यातून निवृत्त झालेल्या एका सरांनी लिहून दिली आहे. स्क्रिप्ट ९०० शब्दांची झाली. सगळी वाक्यं छोटी केली, तरी वाचायला आठ मिनिटं लागतात आणि ऐकणारा कंटाळतो. मला चार मिनिटांत बसवायचं आहे. पण प्रत्येक वाक्य महत्त्वाचंच वाटतं. काय कापू? (पूर्ण स्क्रिप्ट सोबत दिली आहे.)

उत्तर :

दादा, तुमची स्क्रिप्ट मोठ्याने वाचून पाहिली. इथे तिच्यातले दोन तुकडे घेतो. वाक्यं छोटी करण्याचं काम तुम्ही चांगलं केलं आहे, तिथे आता फारसं हाती लागणार नाही. अडचण दुसरीकडे आहे. तुमची वाक्यं छोटी आहेत, पण त्यातली बरीचशी प्रेक्षकाला आहे तिथेच उभं ठेवतात. पाच शब्दांचं वाक्यही माणसाला कंटाळा आणतं, जर ते ऐकल्यावर त्याच्याकडे आधीपेक्षा काही जास्त आलं नसेल. उलट वीस शब्दांचं वाक्य तो नीट ऐकतो, जर त्यात त्याच्या शेतातल्या अडचणीचं कारण असेल. तेव्हा आता शब्द मोजणं थोडं बाजूला ठेवा आणि प्रत्येक वाक्य माणसाला कुठून कुठे नेतं ते बघा.

मी शेतीविषयक माहितीपट आणि छोटे व्हिडिओ लिहितो, त्याआधी रेडिओसाठी लिहायचो. पुढे जे सांगतो ते अशा करून दाखवण्याच्या व्हिडिओंना लागू पडतं. गोष्ट सांगणाऱ्या लघुपटात पात्रांच्या तोंडची वाक्यं वेगळं काम करतात, तिथे हीच कात्री जशीच्या तशी चालवू नका.

कापायला बसण्याआधी एक कागद घ्या आणि त्यावर दोनच ओळी लिहा. व्हिडिओ सुरू होताना बघणारा माणूस कुठे उभा आहे, आणि संपताना तो कुठे पोचायला हवा. तुमच्या व्हिडिओसाठी मी असं लिहीन : सुरुवातीला, "माझ्या बागेत ओळीच्या टोकाच्या झाडांना पाणी कमी पडतंय आणि का ते कळत नाही." शेवटी, "उद्या सकाळी पंप सुरू केल्यावर काय, कोणत्या क्रमाने उघडायचं ते मला कळलंय." या दोन ओळी नक्की झाल्याशिवाय कापायला घेतलं तर प्रत्येक वाक्य महत्त्वाचंच वाटणार, कारण कशासाठी महत्त्वाचं हे ठरलेलंच नसतं. सरांनी दिलेली माहिती खरी आहे, उपयोगाची आहे. पण ती ठिबक या विषयासाठी उपयोगाची आहे. तुमचा व्हिडिओ त्या विषयातल्या एका अडचणीपुरता आहे.

आता तुमचा पहिला तुकडा घेऊ. इतरांनाही दिसावा म्हणून इथे उतरवतो :

"नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो. आज आपण एका अतिशय महत्त्वाच्या विषयाची माहिती घेणार आहोत. केळी हे आपल्या खान्देशातील प्रमुख पीक आहे. केळीला पाणी भरपूर लागते. पाण्याची बचत व्हावी म्हणून आपण ठिबकचा वापर करतो. ठिबकमुळे खते थेट मुळाशी देता येतात. तणही कमी उगवते. परंतु काही काळाने ठिबक संच नीट काम करेनासा होतो. याची अनेक कारणे असतात. त्यातील एक प्रमुख कारण म्हणजे नळ्यांमध्ये गाळ साचणे. विहिरीच्या पाण्यात बारीक माती असते. ती फिल्टरमधून पुढे जाते व नळ्यांमध्ये साचते."

ही बारा वाक्यं आहेत. कागदाच्या उजवीकडे मोठा समास सोडून एकेक वाक्य स्वतंत्र ओळीवर लिहा. मग प्रत्येकासमोर, हे ऐकल्यावर प्रेक्षकाकडे नवीन काय आलं, ते दोन-तीन शब्दांत लिहा. नवीन म्हणजे तीनपैकी एक गोष्ट : त्याला माहीत नव्हतं असं काही कळलं, हाताने करायचं काही मिळालं, किंवा पुढचं ऐकायची गरज त्याच्या मनात निर्माण झाली. समास रिकामा राहिला तर ते वाक्य संशयित. लगेच खोडू नका. त्यावर बोट ठेवा आणि ते झाकून पुढचं वाचा. पुढचं एखादं वाक्य अडखळलं, अर्थ लागेना, तर ते वाक्य आधाराचं आहे, ठेवा. काहीच अडलं नाही तर खोडा.

पहिली दोन वाक्यं : समास रिकामा. विषय महत्त्वाचा आहे हे त्याला सांगायला नको, त्याने शीर्षक वाचूनच व्हिडिओ उघडला आहे. तिसरं आणि चौथं : चोपडा, यावल, रावेरकडच्या बागायतदाराला केळी हे इथलं प्रमुख पीक आहे आणि तिला पाणी भरपूर लागतं, हे आपण सांगायचं? समास रिकामा. पाच, सहा, सात : इथे जरा थांबा, कारण ही वाक्यं एक वेगळीच गोष्ट सांगतात. ती ठिबकचे फायदे सांगतात, म्हणजे ज्याने अजून ठिबक बसवलेलं नाही त्याच्याशी बोलतात. तुमचा प्रेक्षक तर ठिबक वापरून वैतागलेला माणूस आहे. तीन वाक्यं चुकून दुसऱ्याच माणसाला उद्देशून गेली आहेत. हे फार वेळा होतं, विशेषतः माहिती एखाद्या जुन्या पत्रकावरून किंवा व्याख्यानाच्या टिपणावरून आलेली असते तेव्हा. कापताना हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्या : हे वाक्य मी नक्की कुणाशी बोलतोय?

आठवं वाक्य आलं तेव्हा कुठे प्रेक्षकाचं दुखणं निघालं. म्हणजे जवळपास अर्धं मिनिट गेल्यावर. आणि तेही "नीट काम करेनासा होतो" अशा ढोबळ शब्दांत. नववं वाक्य त्याला पुन्हा मागे ढकलतं, कारण अनेक कारणं आहेत म्हटल्यावर तो मनात यादीची वाट बघतो आणि यादी तर येतच नाही. दहावं आणि बाराव्याचा शेवट हे एकच आहेत, गाळ साचतो हे दोनदा सांगितलं. उरलं काय? विहिरीच्या पाण्यातली बारीक माती फिल्टरमधून निघून जाते. हे मात्र नवीन आहे. कारण बागायतदाराचा पहिला विचार असाच असतो की फिल्टर बसवलाय म्हटल्यावर नळीत माती येईलच कशी. समासात लिहा : "फिल्टर असूनही माती जाते."

बारापैकी दीड वाक्य राहिलं. आणि एवढं कापल्यावर एक भोक दिसायला लागतं, जे आधी शब्दांच्या गर्दीत झाकलं होतं : पाणी टोकालाच का पोचत नाही, हे तुम्ही कुठेच सांगितलेलं नाही. प्रेक्षकाला नेमका हाच प्रश्न पडलेला असतो. याचं उत्तर सोपं आहे. नळीतलं पाणी वाटेतल्या प्रत्येक ड्रिपरमधून थोडं थोडं बाहेर पडत जातं, त्यामुळे पुढे पुढे आत उरलेलं पाणी कमी आणि त्याचा वेगही कमी. वेग कमी झाला की सोबत वाहत आलेली बारीक माती तळाला बसते. म्हणून गाळ सगळ्यात जास्त टोकाकडे. हे एक वाक्य तुमच्या स्क्रिप्टमध्ये वाढवायला हवं. कापण्याचा मला सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो. जे नाही ते तेव्हाच दिसतं.

आता तोच भाग मी पुन्हा लिहितो. चित्र आणि आवाज वेगवेगळे लिहिले आहेत. तुम्हीही तसंच लिहा, कारण तुमच्या कागदावर फक्त आवाज आहे आणि त्यामुळे कॅमेऱ्याला जे काम देता आलं असतं तेही शब्दांच्याच अंगावर पडलं आहे.

चित्र : केळीच्या ओळीतला पहिला ड्रिपर, थेंब पडताहेत. मग त्याच ओळीतला शेवटचा ड्रिपर, खालची माती कोरडी.
आवाज : "नळी एकच आहे. सुरुवातीला पाणी, टोकाला नाही."

चित्र : नळीचं टोक उघडणारा हात. गढूळ पाणी बाहेर.
आवाज : "नमस्कार. टोकाला हा गाळ बसलाय. फिल्टर आहे, तरी बसतो. बारीक माती जाळीतून निघून जाते. प्रत्येक ड्रिपरला पाणी देत देत टोकाशी पाण्याचा वेग मंदावतो, आणि माती तिथे बसते."

बस. हा भाग पंचवीस-तीस सेकंदांत होतो. तुमच्या बारा वाक्यांना साधारण पाऊण मिनिट लागत होतं आणि त्यात कारण पोचत नव्हतं. "नमस्कार" मी काढलेला नाही, फक्त दुसऱ्या चित्रावर नेला. आपल्याकडे माणूस बोलायला लागण्याआधी रामराम-नमस्कार करतो, तो नसला तर काही जणांना उद्धट वाटतं, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. पण आधी कोरडा ड्रिपर दिसू द्या. माणूस आपलं दुखणं बघून थांबला की मग नमस्कार करा.

"आपण ठिबकच्या नळ्यांमध्ये साचलेला गाळ पाहत आहोत" असं वाक्य तुमच्या स्क्रिप्टमध्ये पुढे आहे. गाळ डोळ्यांसमोर पडत असताना हे म्हणायची गरज नाही. चित्राने जे सांगितलं ते आवाजाने पुन्हा सांगू नये, पण चित्रात जे दिसू शकत नाही ते आवाजानेच सांगावं. गाळ दिसतो, वेग मंदावतो हे दिसत नाही. दाब दिसत नाही. क्रम का पाळायचा हे दिसत नाही. तुमचे शब्द या न दिसणाऱ्या गोष्टींवर खर्च करा. इथे रेडिओचा नियम नेमका उलटा पडतो. रेडिओवर "मी आता नळीचं टोक उघडतोय" हे म्हणावंच लागतं, नाहीतर ऐकणाऱ्याला नुसता पाण्याचा आवाज येतो. तुमच्या सरांचं टिपण मुळात आवाजी कार्यक्रमासाठी किंवा सभेसाठी तयार झालं असेल तर अशी वाक्यं त्यात भरपूर सापडतील. तिथे ती बरोबर होती, तुमच्या व्हिडिओत ती जड होतात.

दुसरा तुकडा कृतीचा आहे. त्यात सबमेन येतो, म्हणजे ओळींतल्या नळ्यांना पाणी पुरवणारा मोठा पाइप. इथे चूक लांबीची नाही, क्रमाची आहे :

"नळ्या धुण्यासाठी प्रथम नळ्यांची टोके उघडावीत. त्यामुळे नळीतील गाळ बाहेर पडतो. तथापि त्यापूर्वी सबमेन धुऊन घेणे आवश्यक आहे. सबमेनच्या शेवटी फ्लश व्हॉल्व्ह असतो. तो उघडावा. तत्पूर्वी फिल्टर स्वच्छ असल्याची खात्री करावी. शक्यतो सर्व नळ्या एकाच वेळी उघडू नयेत. पाणी स्वच्छ येऊ लागल्यावर टोके बंद करावीत."

"त्यापूर्वी" आणि "तत्पूर्वी" या शब्दांखाली रेघ मारा. करून दाखवण्याच्या स्क्रिप्टमध्ये हे शब्द आले की समजा, प्रेक्षकाला पुढे नेऊन परत मागे बोलावलं आहे. त्याने मनात नळीचं टोक उघडलं, मग तुम्ही म्हणालात थांब, आधी सबमेन. सबमेन उघडला, तर म्हणालात थांब, आधी फिल्टर. तिसऱ्यांदा तो थांबत नाही, कारण तोवर क्रम त्याच्या डोक्यातून निसटलेला असतो. इथे एकही शब्द न कापता, नुसता क्रम लावला तरी हा तुकडा छोटा वाटायला लागेल. कृती ज्या क्रमाने हाताने होते त्याच क्रमाने बोला. क्रम लागला की "त्यापूर्वी", "तथापि" आपोआप गळून पडतात.

समासाची परीक्षा इथेही लावू. "त्यामुळे नळीतील गाळ बाहेर पडतो" : दिसतं, खोडा. "सबमेनच्या शेवटी फ्लश व्हॉल्व्ह असतो" : कॅमेरा तिथे गेला की दिसतो, खोडा. "शक्यतो सर्व नळ्या एकाच वेळी उघडू नयेत" : हे वाक्य अख्ख्या तुकड्यात सगळ्यात मोलाचं आहे आणि तुम्ही ते "शक्यतो" म्हणून सहज टाकून दिलं आहे. सगळ्या टोकांची तोंडं एकदम उघडली की दाब विभागला जातो, कुठल्याच नळीत पाण्याला जोर राहत नाही, आणि गाळ हलण्याऐवजी आतच बसून राहतो. म्हणजे माणूस मेहनत करतो, पाणी वाहून जातं आणि नळी जशीच्या तशी. घाईत हे कोणाकडूनही होऊ शकतं. इतक्या महत्त्वाच्या गोष्टीला कारण द्यायलाच हवं, आणि कापून वाचवलेले शब्द इथे घालायचे. मी असं लिहीन :

चित्र : पंप बंद. जाळीचा फिल्टर उघडून ब्रशने धुणारे हात.
आवाज : "आधी फिल्टर. इथे घाण राहिली तर धुतलेल्या नळ्यांत तीच परत जाणार."

चित्र : पंप सुरू. सबमेनचा फ्लश व्हॉल्व्ह उघडला, गढूळ पाणी.
आवाज : "मग सबमेन. पाणी नितळ होईपर्यंत उघडा ठेवा."
(पाणी नितळ होईपर्यंत आवाज नाही. नुसती धार.)

चित्र : नळीच्या टोकाची रिंग काढणारे हात. जोरदार धार.
आवाज : "शेवटी नळ्या. एका वेळी थोड्याच. धार अशी जोरात निघाली पाहिजे."

चित्र : बऱ्याच नळ्या उघड्या, धारा मंद.
आवाज : "जास्त उघडल्या की दाब कमी होतो. ही धार गाळ काढू शकत नाही. काही नळ्या बंद करा."

चित्र : पुन्हा जोरदार धार, गढूळ ते नितळ. रिंग परत बसवली.
आवाज : "नितळ झाली की बंद, आणि पुढच्या उघडा."

इथे "एका वेळी किती नळ्या?" असा प्रश्न येणारच. त्याचा एक आकडा देता येत नाही. पंप, नळीची लांबी, शेताचा उतार यांवर तो बदलतो. म्हणून मी आकड्याऐवजी खूण दिली : धारेचा जोर. प्रेक्षकाला स्वतःच्या शेतात उभं राहून ओळखता येईल अशी खूण मिळाली की "हे परिस्थितीनुसार बदलते, तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा" असली दोन-तीन वाक्यं सहज जातात. काही जणांच्या मेन लाइनलाही वेगळा फ्लश असतो, तो सबमेनच्या आधी उघडायचा. हा अपवाद आवाजात आणू नका. फ्लश व्हॉल्व्हच्या चित्रावर एक ओळ अक्षरांत द्या. ज्याला लागू आहे तो वाचेल, बाकीच्यांची वाट अडणार नाही.

धार नितळ होण्याच्या वेळी मी मुद्दाम काही बोललो नाही. शब्द कापले म्हणजे वेळही कापलीच पाहिजे असं नाही. गढूळ पाणी नितळ होताना बघणं हेच त्या क्षणी प्रेक्षकाला पुढे नेतं, कारण कुठे थांबायचं ते तो डोळ्यांनी शिकतो. नवीन लिहिणाऱ्यांना ही शांतता रिकामी वाटते आणि ते तिथे पाणी बचतीवर दोन वाक्यं घालतात. घालू नका. चार मिनिटांच्या अशा व्हिडिओला मी आवाजाचे साडेतीनशेच्या आसपासच शब्द धरतो. सलग वाचन असतं तर साडेचारशे बसले असते, पण हात काम करत असताना तोंडाला विसावा लागतो.

आता सगळ्यात अवघड भाग. जे वाक्य खरं आहे, नवीन आहे, उपयोगाचं आहे, आणि तरी या व्हिडिओत नको. तुमच्या स्क्रिप्टच्या शेवटाकडे आहे ते : "क्षार साचले असल्यास आम्ल प्रक्रिया करावी." समासाच्या परीक्षेत हे उत्तीर्ण होईल, कारण प्रेक्षकाला करायला काहीतरी मिळालं. पण कागदावरच्या दुसऱ्या ओळीशी ताडून बघा. तो व्हिडिओ संपताना काय करू शकायला हवा? नळ्या पाण्याने धुऊ शकायला हवा. आम्ल प्रक्रिया ही वेगळी कृती आहे, तिचं प्रमाण पाण्याच्या गुणावर ठरतं, तिला काळजी लागते. एका वाक्यात तिचा आदेश देणं म्हणजे माणसाला अर्ध्या माहितीवर आम्लाच्या कॅनपाशी सोडून देणं. हे वाक्य नुसतं जास्तीचं नाही, घातक आहे. त्याजागी मी इतकंच म्हणेन : "धुऊनही ड्रिपर सुरू झाला नाही, आणि त्याच्या तोंडाशी पांढरा थर दिसला, तर ते क्षार आहेत. ते नुसत्या पाण्याने निघत नाहीत. त्याचा उपाय वेगळा आहे." म्हणजे माणूस उगाच पुन्हा पुन्हा धूत बसणार नाही, आणि आम्लाला हातही लावणार नाही. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांना हे वाक्य लागणारच, म्हणून ते राहू द्या. आम्ल प्रक्रियेचा स्वतंत्र व्हिडिओ करा.

आणि तो कराल तेव्हा एक वाक्य कधीच कापू नका : आधी पाणी घ्यायचं आणि पाण्यात आम्ल हळूहळू ओतायचं, आम्लात पाणी कधीही ओतायचं नाही. उलट केलं तर उष्णतेने आम्ल उसळून अंगावर, डोळ्यात उडतं. हे वाक्य कृतीच्या आधी एकदा आणि ओतताना पुन्हा एकदा म्हणा. मी वर म्हणालो की चित्रात दिसतं ते बोलू नका, पुनरुक्ती काढा. जिथे चुकलं तर इजा होते तिथे हे दोन्ही नियम बाजूला ठेवायचे. चित्रात माणूस बरोबर ओततोय हे दिसतं, पण उलट ओतलं तर काय होतं हे दिसत नाही, आणि आपण ते दाखवणारही नाही. तेव्हा ते शब्दांनीच दोनदा सांगायचं.

अशी बाहेर काढलेली वाक्यं फेकू नका. एक वेगळी फाइल करून त्यात टाका. वाक्य कुठेतरी जिवंत आहे हे माहीत असलं की ते खोडताना हात अडखळत नाही. तुमच्या ९०० शब्दांतून मला तरी आणखी दोन व्हिडिओ दिसताहेत : आम्लाचा, आणि शेततळ्याच्या पाण्यातल्या शेवाळाचा.

तुमचा व्हिडिओ कुठे दाखवला जाणार यावरही थोडं अवलंबून आहे. मोबाईलवर एकटा माणूस बघत असेल तर मी वर लिहिलं तसंच ठेवा, त्याला हवं तर तो मागे नेऊन पुन्हा बघतो. गावात पडद्यावर, सभेत दाखवणार असाल तर लोक मधेच येतात, बोलतात, मागे मुलं खेळत असतात. तिथे कृती संपल्यावर क्रम एकदा पुन्हा म्हणावा लागतो : फिल्टर, सबमेन, नळ्या. मोबाईलसाठीच्या व्हिडिओत हेच वाक्य प्रेक्षकाला मागे खेचतं. दोन्हीसाठी एकच व्हिडिओ करायचा असेल तर ते तीन शब्द आवाजाऐवजी अक्षरांत शेवटी ठेवा.

बोलीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण स्क्रिप्ट वाचून सांगावंसं वाटतं. "अवलंब", "तथापि", "तत्पूर्वी" हे शब्द कार्यालयातून आले आहेत. ते काढून बोलण्यातले शब्द घातले की वाक्यंही आपोआप कमी होतात, कारण कार्यालयी मराठीत एका कृतीभोवती "खात्री करावी", "आवश्यक आहे" अशी कुंपणं फार असतात. शिरपूर, अमळनेर, पारोळ्याकडच्या प्रेक्षकांसाठी सुरुवातीला एखाद्या शेतकऱ्याच्याच तोंडी अहिराणीत "शेवटना झाडले पानी पोचत नही" एवढं आलं, तर तुमची प्रस्तावनेची सगळी वाक्यं एका झटक्यात नकोशी होतात. पण ते त्याने स्वतः म्हटलेलं हवं, तुम्ही लिहून पाठ करून घेतलेलं नको. आणि रावेर-यावलकडे लेवा गणबोली बोलतात, तिकडच्या माणसाला त्याच्या बोलीतच बोलू द्या.

जास्त कापलं गेलं का, हे कागदावर कळत नाही. कापलेली स्क्रिप्ट एखाद्या बागायतदाराला वाचून दाखवा आणि "समजलं का?" असं विचारू नका, कारण आपल्याकडे लोक भिडेखातर हो म्हणतात. असं विचारा : "दाजी, उद्या तुम्ही पहिल्यांदा काय उघडाल?" तो फिल्टर म्हणाला, मग सबमेन, मग नळ्या, तर ठीक. मधेच तो "पण पंप चालू ठेवायचा की बंद?" असं विचारेल, तर तिथे तुम्ही गरजेचं वाक्य कापलंय किंवा चित्र नीट लिहिलेलं नाही. त्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे एक हरवलेलं वाक्य. तेवढीच परत घाला. ज्याबद्दल त्याने काहीच विचारलं नाही ते तुम्हाला कितीही आवडत असलं तरी परत आणू नका. शक्यतो दोन वेगळ्या माणसांकडे हे करा, एक जुना ठिबकवाला आणि एक नुकतंच बसवलेला. जुन्याला काही गोष्टी आधीच माहीत असतात, त्यामुळे गाळलेलं वाक्य त्याला खटकणार नाही.

राहिला प्रश्न सरांचा. त्यांनी मेहनतीने लिहून दिलंय, अर्धं गेलेलं बघून त्यांना वाईट वाटू शकतं, आणि मग ते एकेक वाक्य परत घालायला सांगतील. यावर उपाय म्हणजे त्यांना कापलेली स्क्रिप्ट एकटी पाठवू नका. चित्र आणि आवाज असे दोन्ही रकाने, कागदावरच्या त्या दोन ओळी सगळ्यात वर, आणि सोबत बाहेर काढलेल्या वाक्यांची फाइल, ते पुढच्या कुठल्या व्हिडिओसाठी आहे हे लिहून, असं पाठवा. आणि त्यांना "कसं वाटलं?" न विचारता दोन नेमके प्रश्न विचारा : यात तांत्रिक चूक कुठे आहे, आणि यातलं काय वगळल्यामुळे शेतकऱ्याचं नुकसान होऊ शकतं. त्यांच्या अनुभवाची तुम्हाला गरज आहे ती नेमकी या दोन ठिकाणी. वर मी आम्लाच्या वाक्याबद्दल जे लिहिलं तेही त्यांना दाखवा, आणि स्वतंत्र व्हिडिओसाठी प्रमाण कसं काढायचं ते त्यांच्याकडूनच सविस्तर लिहून घ्या.